धाग्यांसकट संत्रं

लेकीला पीसीओएस होतं. शरीर इन्सुलिनला दाद देत नव्हतं, म्हणून ते जास्तच तयार होत होतं नि पाळी लांबत होती. आहारतज्ज्ञ बाईंनी भात निम्मा करायला आणि डाळ-भाजी वाढवायला सांगितलं. सकाळचा पेलाभर रस मात्र बंद. त्याऐवजी अख्खं फळ आणि अंडं.

बाबांचा चेहरा पडला. ती पाच वर्षांची असल्यापासून तिच्यासाठी संत्र्याचा रस तेच काढत. तरी दुसऱ्या सकाळी ते संत्रं सोलायला बसले. लहानपणी तिला चावायचा कंटाळा, म्हणून ते फोडीचा धागान् धागा काढायचे. आताही तेच सुरू झालं.

"धागे राहू दे, बाबा. आता चावते मी."

बाबांनी डोळे पुसले.

"साल झोंबली गं."