दादा येईपर्यंतचा दिवा

आई गेली तेव्हा दादा समुद्रावर होता. बोटीवर इंजिनाचं काम करतो तो. पुढच्या बंदरात त्याच्या जागी दुसरा माणूस चढेल तेव्हाच त्याला उतरता येणार होतं, आणि बंदरात जागा नाही म्हणून बोट बाहेरच नांगर टाकून उभी होती.

आमच्या घरची एक रीत आहे. गेलेल्या माणसाच्या खोलीत रोज संध्याकाळी मुलाने किंवा मुलीने दिवा लावायचा. सगळ्या मुलांनी मिळून अस्थी पाण्यात सोडल्या की त्या रात्री तो मालवायचा. तोवर घर बंद करायचं नाही. बाबांच्या वेळी दादा आणि मी आळीपाळीने लावला होता. या वेळी मी एकटीच होते. तेलाचा वगैरे नाही, आईच्या उशाशी असायचा तोच, हिरव्या टोपीचा, बटणाचा दिवा. बटण दाबलं की तिचा चष्मा दिसायचा, अर्धवट वाचलेलं पुस्तक दिसायचं आणि मग रिकामी गादी.

माझी दुखवट्याची रजा संपत आली होती. सोमवार-मंगळवार असे दोनच दिवस उरले होते.

आईच्या स्वयंपाकघरातून मी आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांना फोन लावला. जिल्ह्यातल्या गावांना जाणारं पाणी आम्ही तपासतो. नळांवरून नमुने येतात, ते आम्ही उबवणीच्या पेटीत ठेवतो, दुसऱ्या दिवशी जंतू वाढलेत का बघतो आणि अहवालावर सही करतो. सही करण्याचा अधिकार दोघींनाच, मला आणि माझ्या जोडीदारणीला. साहेबांना आम्ही त्यांच्या पाठीमागे ‘हो-पण’ म्हणतो.

“साहेब, मला आणखी रजा हवीये.”

“हो, पण कधीपर्यंत?”

“भाऊ येईपर्यंत.”

“हो, पण तो कधी येणार?”

“ते त्यालाही माहीत नाही.”

“हे बघ, दुखवट्याची रजा वाढवता येत नाही. पुढे तुझी हक्काची रजा लावता येईल, ती संपली तर बिनपगारी. मी शिफारस करतो, मंजुरी वरून येईल. पण अर्जात ‘पर्यंत’च्या पुढे तारीख लागते गं. ती जागा रिकामी ठेवली तर अर्ज पुढेच सरकत नाही.”

“अंदाजाने टाकली तर?”

“टाक की. पण सोमवारपासून तुझी जोडीदारीण निघालीये, लेकीकडे. तिची रजा केव्हाची मंजूर आहे. दोघीही नसलात तर सही कोण करणार? मी? माझा अधिकार गेला, आता मी नुसता चहा पितो.”

जोडीदारणीची लेक बाळंत व्हायची होती. गेले कित्येक महिने ती नमुन्याच्या बाटल्या धुताधुता माझ्याशी त्याच गप्पा मारत होती.

तासाभराने तिचाच फोन आला. ‘हो-पण’नी सांगितलं असणार.

“तू ये सावकाश. मी नंतर जाईन.”

“आणि ती बाळंत झाली तर?”

“होईल की. मी नसले म्हणून काय बाळ आतच बसून राहणारे?” ती हसली, मग हसायची थांबली. “अगं, आई एकदाच जाते.”

“आणि पहिलं नातवंडही एकदाच येतं,” मी म्हटलं. “उगाच काहीतरी बोलू नकोस. उद्या कळवते.”

संध्याकाळी दादाचा फोन लागला. मध्येमध्ये आवाज तुटत होता.

“तू करून टाक,” तो म्हणाला. “माझी हरकत नाही. तू किती दिवस अडकून पडणार?”

“मी अडकलेली नाही.”

“मग?”

त्याच्याशिवाय अस्थी सोडायच्या नव्हत्या हे खरंच होतं. पण त्याला उशीर होतोय याचं मला पुरेसं वाईट वाटत नव्हतं, हेही तितकंच खरं होतं. दिवा मालवला की आई कपाटातल्या घड्यांमध्ये उरणार होती. अजून ती या खोलीत होती. सकाळी मी तिच्या कपात चहा घेत होते आणि कप तिच्याच खुंटीला अडकवत होते.

“तू ये,” एवढंच म्हटलं.

“येतो गं,” तो म्हणाला, आणि फोन तुटला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच साहेबांचा फोन आला.

“आस्थापनेतल्या बाईंशी बोललो. आपण सगळे एक चूक करत होतो. दुखवट्याची रजा सलगच घ्यायला पाहिजे असं नियमात कुठेच नाही. आधी कळवलं तर उरलेले दिवस मागे ठेवता येतात. तू सोमवारी ये, ते दोन दिवस राहू देत. भाऊ उतरला की ते घे आणि त्यांना तुझी हक्काची रजा जोड. तोवर तुझी जोडीदारीणही परत आलेली असेल. तेव्हा तुझ्याकडे तारीखही असेल.”

“म्हणजे आता यायचं.”

“हो,” ते म्हणाले. पुढचा ‘पण’ आला नाही, आणि मला तो हवा होता.

फोन ठेवला तेव्हा मावशी दारात उभी होती. आईची धाकटी बहीण. रीतीच्या बाबतीत तिच्याइतकं कडक आमच्याकडे कोणी नाही. दिवा मुलांनीच लावायचा हे मला पहिल्या संध्याकाळी तिनेच बजावलं होतं.

“जावं लागणार मला,” मी म्हटलं. “रोज येऊन-जाऊन जमणारं नाही. दिव्याचं कसं करायचं?”

ती खुंटीवरच्या कपाकडे बघत राहिली. “मी लावीन.”

“तूच म्हणाली होतीस, मुलांनीच...”

“तिने मला कडेवर घेऊन वाढवलंय. न्हाऊ घालायची, वेण्या घालायची, धपाटेही घालायची. तुम्ही दोघं फार उशिरा आलात. पहिलं मूल मीच.” तिने पदराने डोळे न पुसता ओटा पुसला. “जा तू. दादा आला की या दोघं.”

निघताना मी नळाखाली बाटली भरली. आई दर वेळी द्यायची. तुमचं पाणी तपासलेलं असेल, पण घरचं ते घरचं, असं म्हणायची. आईच्या घरचं पाणीही आमच्याच प्रयोगशाळेत तपासलेलं असतं, हे मी तिला कधी सांगितलं नाही.

सोमवारी ती बाटली मी टेबलावर ठेवली आणि नमुने पेटीत लावले. जोडीदारीण लेकीकडे गेली होती. बुधवारी तिने बाळाचा फोटो पाठवला, मिटलेल्या मुठी आणि कपाळावर आठी. खाली लिहिलं होतं, ‘अगदी हो-पण.’ साहेबांना दाखवला. आपल्याला असं नाव पडलंय हे त्यांना माहीत नव्हतं, तरी ते हसले.

रोज संध्याकाळी मावशी फोन करायची. “लावला गं,” एवढंच म्हणायची. मी “बरं” म्हणायची. मग दोघी थोडा वेळ फोन न ठेवता थांबायचो.

जोडीदारीण परत आली त्याच आठवड्यात दादाची बोट बंदराला लागली. मी अर्ज भरला. ‘पर्यंत’च्या पुढे तारीख टाकताना हात थांबला. एवढे दिवस मी तर तिचीच वाट बघत होते.

मी पोचले तेव्हा अंधार पडत होता. गल्लीच्या वळणावर सवयीने वर पाहिलं. मी यायची असले की आई त्या खिडकीत उभी राहायची, हात न हलवता, नुसती बघत. खिडकीत उजेड होता आणि त्यात कोणीतरी उभं होतं. दादा होता. आईसारखाच, हात न हलवता.

सकाळी नदीवर जायचं होतं. आणि त्याच रात्री दिवा मालवायचा होता.

मीही वळणावरच थांबले. त्याने हाक मारली नाही, आणि मला वर जायची घाई नव्हती.