अर्धाच गेलेला मेल

हातकणंगल्याच्या स्टॉपवर एसटीने ब्रेक मारला आणि दीप्तीच्या हातातला मोबाइल निसटून पुढच्या सीटखाली गेला. घाईत झेलायला गेली तेव्हा अंगठा नेमका पाठवायच्या बाणावर पडला होता. मोबाइल शोधून वर काढेपर्यंत मेल परत घ्यायची पट्टीही स्क्रीनवरून गेली होती. पाठवलेल्या मेलांमध्ये सगळ्यात वर तोच होता.

'नमस्कार मॅडम, बरेच दिवस मनात होतं, पण सांगायचं धाडस होत नव्हतं. सोमवारपासून कामाला येणं मला'

तिथेच तुटला होता.

दीप्तीने तो पुन्हा वाचला. कुणीही वाचलं तरी पोरगी नोकरी सोडते आहे, असंच म्हटलं असतं. तिला लिहायचं होतं ते वेगळं. तिचे वडील अण्णासो कबनूरला यंत्रमागावर काम करायचे. महिन्यापूर्वी मोरीत घसरले, खुब्याचं ऑपरेशन झालं. आता सोमवारपासून सकाळी फिजिओथेरपीवाले घरी येऊन त्यांना चालवणार होते. त्या वेळी बापाला धरायला कुणीतरी लागणार होतं, आणि आई, मीनाबाई, स्वतःच कंबरदुखीने वाकलेली. सकाळी उशिरा आलं तर चालेल का, एवढंच दीप्तीला विचारायचं होतं. पण शिरोली एमआयडीसीतल्या त्या फाउंड्रीत डिस्पॅच, म्हणजे माल गाड्यांत भरून पाठवायचं काम, सांभाळायला लागून तिला वर्षही झालं नव्हतं, आणि तिच्या वरच्या संयोगिता मॅडम वेळेच्या भारी कडक.

घरी तर अण्णासोंनी आधीच बजावलं होतं, "माझ्यापायी नोकरीला धक्का लागंल असं काय करू नगंस. मी भिंत धरून चालीन की."

म्हणून तिने घाईघाईने दुसरा मेल त्याच मेलच्या उत्तरात लिहिला. 'मॅडम, मघाचा मेल अर्धवट असताना चुकून गेला. मी नोकरी सोडत नाही. कृपया त्याकडे दुर्लक्ष करावं. तसदीबद्दल क्षमस्व.' पाठवला आणि मोबाइल पर्समध्ये टाकला. वडिलांचं नाव त्यात कुठेच नव्हतं. सुटले एकदाची, असं तिला वाटलं.

ऑफिसात पोचून खुर्ची ओढते न ओढते तोच मॅडमनी बोलावलं.

"बस. दुसरा मेल आला म्हणून बरं झालं. पहिला वाचून मी एचआरला फोन लावलाच होता. त्यांची लाइन बिझी होती."

"सॉरी मॅडम. बसमध्ये हातातनं मोबाइल पडला."

"मेल चुकून गेला, ते कळलं. पण लिहिला चुकून नव्हता ना?"

बाहेर ट्रक मागे घेत असल्याचा आवाज येत होता.

"दुर्लक्ष करा म्हणतेस," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "'सांगायचं धाडस होत नव्हतं' हे वाचलं मी. माझ्या हाताखालच्या पोरीला माझ्याशी बोलायला धाडस लागतं, याच्याकडं दुर्लक्ष कसं करू?"

दीप्तीचे डोळे भरून आले. "बाबांचं ऑपरेशन झालंय मॅडम," एवढंच ती बोलू शकली.

मॅडमनी पाण्याची बाटली तिच्यापुढे सरकवली. "जागेवर जा. शांतपणे पूर्ण लिही. काय पाहिजे ते स्पष्ट लिही. वर साहेबांना दाखवायला माझ्याकडं काहीतरी पाहिजे की."

दीप्तीने लिहिलं. खुबा, वॉकर, आईची कंबर. पुढचे दोन महिने सकाळी अकराला येऊ द्या, संध्याकाळच्या गाड्या भरून झाल्याशिवाय मी निघणार नाही. शेवटी थांबून एक वाक्य घातलं, 'हे आधीच सांगायला हवं होतं, पण भीती वाटली.' ते खोडावं की ठेवावं, या विचारात ती बराच वेळ बसली. मग ठेवलं.

दुपारी उत्तर आलं. साहेबांची मंजुरी होती. खाली मॅडमनी स्वतः लिहिलं होतं, 'संध्याकाळी गाड्या असतातच, तेव्हा तू असलीस तर मलाच बरं. बाबांना जप.'

घरी सांगितल्यावर अण्णासो आधी भडकलेच.

"मागायला कशाला गेलीस? लोकांच्या उपकारात राहायचं व्हय?"

"उपकार न्हाईत बाबा. त्यास्नी संध्याकाळी माणूस पायजेच हाय."

"आता पोरगी धरतीया तर धरू द्या की," मीनाबाई चुलीपासून वर न बघता बोलल्या. "माझ्या हातातनं निसटलासा तर तुमास्नी उचलणार कोण?"

सोमवारी सकाळी फिजिओथेरपीवाल्यांनी अण्णासोंना उभं केलं. एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला दीप्ती. वॉकरवर बापाच्या मुठी पांढऱ्या पडल्या होत्या. दारापर्यंत जाऊन ते दमले, आणि वॉकरवरचा एक हात सोडून त्यांनी लेकीच्या खांद्यावर थोडा भार टाकला.

"जड हाय न्हवं मी?" त्यांनी विचारलं.

"न्हाय," दीप्ती म्हणाली. "टाका भार."

त्यांनी टाकला, आणि उंबऱ्यापाशी दोघं थोडा वेळ तशीच उभी राहिली.