रायभोगाचा पुलाव

साळुबाईला तांदूळ म्हणजे तांदूळ. त्यात नवा-जुना असतो, हे तिच्या गावीही नव्हतं. पेठ गावातली सगळी बाजरीची माणसं. भाकरी नीट थापता आली की त्यांचं स्वयंपाकघरातलं शिक्षण संपलं. भात त्यांच्याकडे जेवणाच्या शेवटी येई, उगाच आल्यासारखा.

त्या घरात उज्ज्वला सून होऊन आली ती शिनोलीच्या वरच्या अंगाच्या डोंगरातून, भाताच्या खाचरांतून. पहिलं वर्षभर तिची भाकरी तव्यावर फाटायची आणि साळुबाई शेजारणींना ऐकवायची, "डोंगराकडची हाय, हिला काय येतंय!" मग एका दिवाळीला उज्ज्वलानं पुलाव केला, आणि पातेलं पुसून निघालं. दाणा न दाणा सुटा. त्या दिवसापासून कुणी पाव्हणा आला की साळुबाईच म्हणायची, "उज्ज्वला, तुझा तो पुलाव टाक." आणि वर सांगायची, "तांदूळ आमच्या व्याह्यांचा हाय बरं, घरचा रायभोग." या एका वाक्यासाठी उज्ज्वलानं बाकीची सगळी बोलणी सोसली होती. कारण या घरात तिच्या वडलांचं नाव मानानं निघायचं ते या एकाच वाक्यात.

तिच्या वडलांना, सावळेरामलाही ते ठाऊक होतं. म्हणून तर दर वर्षी भाताची झोडणी झाली की अर्धं पोतं तांदूळ एसटीच्या टपावर टाकून तो स्वतः पेठेला यायचा. आणि दर वर्षी तेच सांगायचा, "हा नवा हाय पोरी. चिकट व्हतो. वर्षभर मुरू दे, मग पुलावाला घे. तवर साधा भात, अन् पानी कमी." उज्ज्वला तसंच करायची. जुना तांदूळ पत्र्याच्या डब्यात, नवा पोत्यात, दोन्हींची गाठ पडू द्यायची नाही.

त्या मार्गशीर्षात तो आला, आणि नेमके दुसऱ्याच दिवशी हर्षालीला बघायला जुन्नरचे पाव्हणे येणार होते. हर्षाली म्हणजे उज्ज्वलाची नणंद, घरातलं शेंडेफळ. साळुबाईनं आग्रह केला, "ऱ्हावा पावणं, तुमीबी असा उद्या." सावळेराम राहिला. एवढं बोलावणं त्याला आजवर कधी झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पाव्हण्यांचा चहा झाला, बोलणी सुरू झाली, आणि उज्ज्वलानं पुलावाला हात घातला. तांदूळ सकाळीच धुऊन चाळणीत निथळत ठेवला होता. डबा जड लागला होता, धुताना पाणीही जरा जास्तच पांढरं निघालं होतं, पण घाईत तिनं ते मनावर घेतलं नाही. पातेल्यात तूप तापलं. जिरं तडतडलं, तमालपत्र, दालचिनी, लवंगा, वेलदोडे पडले, घरभर वास सुटला. मटार, गाजर परतून झालं आणि तिनं तांदूळ टाकला.

जुना तांदूळ तुपात परतला की हलका होतो. दाणे पांढरे दिसायला लागतात, उलथण्यासरशी वाळूसारखे पळतात. हे तिच्या हाताला पाठ होतं. आज मात्र निम्मे दाणे पळत होते आणि निम्मे एकमेकांना धरून उलथण्याला चिकटत होते.

"आत्या," ती दारात जाऊन हळूच म्हणाली, "डब्यातल्या तांदळात काय मिसळलं का?"

साळुबाई आत आली. "मिसळायचं काय त्यात? काल पोतं रिकामं केलं. व्याह्यांचं पोतं रिकामं कसं परत द्यायचं, त्यात बाजरी भरून देयाची ना! मंग तांदूळ डब्यात वतला अन् वरखाली करून ठेवला, किडू नये म्हणून."

"अवो, नवा व्हता तो! जुन्याला दोन वाट्या पाणी लागतं, नव्याला दीड वाटीत बास. आता कुणाच्या हिशोबानं घालू? मी सगळा काढून ठेवते, दुकानातनं दुसरा—"

"पावणं पानावर बसाय आलं अन् तू दुकानाचं नाव काढती व्हय? तांदूळ तो तांदूळ. व्याह्यांचाच, त्याच वावरातला. घाल पाणी अन् हो मोकळी."

काय करणार? तिनं पावणेदोन वाट्यांच्या मापानं उकळतं पाणी घातलं, झाकण ठेवलं आणि गॅस बारीक केला. नव्याला जास्त, जुन्याला कमी! झाकण काढलं तेव्हा नव्याचा गोळा झाला होता आणि त्या गोळ्यात जुन्याचे दाणे कणीदार राहिले होते.

साळुबाईनं ताटं वाढताना नेहमीचं वाक्य टाकलं, "तांदूळ आमच्या व्याह्यांचा हाय बरं, घरचा." सावळेराम खाली मान घालून हसला. उज्ज्वलाला वाटलं, ते वाक्य आत्ताच्या आत्ता परत घ्यावं कुणीतरी.

मुलाच्या आईनं दोन घास घेतले आणि पुलाव ताटाच्या कडेला सारला. "डोंगरी तांदूळ असाच असतो," ती म्हणाली. वाईट हेतूनं नाही, सहज. "गिचका व्हतो. आमच्याकडं बासमती आणतात."

साळुबाईनं ताटात बघितलं. कालचा आपला हात तिला चांगला आठवत होता, पण लेकीच्या सोयरिकीत तो कोण दाखवणार!

सावळेरामनं चिमटीत चार दाणे धरून चोळले. एक मऊ, एक टणक. त्याचं सगळं आयुष्य या दाण्यात गेलेलं, त्याला सांगायला कशाला लागतंय? त्यानं वर बघितलं, थेट लेकीकडे. उज्ज्वला हातात डाव घेऊन उभी होती. तिनं एक वाक्य बोलायचं होतं, की तांदूळ मिसळलाय. पण मग सासूचं हसं झालं असतं, तेही हर्षालीला बघायला आलेल्यांसमोर, आणि पुढची दहा वर्षं त्याची भरपाई तिनं एकटीनं केली असती.

"तांदूळच तसा आलाय यंदा," उज्ज्वला म्हणाली.

सावळेरामनं मान हलवली. "व्हय. यंदा पावसानं कस गेला. माझंच चुकलं, आणायला नको व्हता." आणि ताटातला तो गोळा त्यानं शेवटच्या शितापर्यंत संपवला.

सोयरीक त्याच दिवशी ठरली. जुन्नरच्या पाव्हण्यांना मुलगी पसंत होती, पुलाव त्यांच्या लक्षातही राहिला नाही. एवढ्यासाठी आपण बापाला खाली बघायला लावलं, हे उज्ज्वलाला कळलं तेव्हा सगळे पेढे खात होते.

एसटीच्या थांब्यावर बाजरीचं पोतं पायाशी ठेवून सावळेराम उभा होता. उज्ज्वला त्याला पोचवायला आली होती. "दादा," ती म्हणाली आणि पोत्याची गाठ चाचपू लागली.

"तांदूळ परतताना कळलं व्हतं ना तुला?" त्यानं विचारलं.

"कळलं व्हतं."

"मंग झालं तर. मला वाटलं, दाणा वळखायला इसरली का काय." गाडी आली, तो चढला.

पुढच्या मार्गशीर्षात तो आला तेव्हा टपावर पोतं नव्हतं. हातात पिशवी होती, तिच्यात घोडेगावच्या दुकानातून आणलेला बासमतीचा पुडा. ज्या माणसानं जन्मात कधी विकतचा तांदूळ घेतला नव्हता, त्यानं तो दोन्ही हातांनी लेकीपुढं धरला.

"जुना हाय, दुकानदाराला इचारून घेतलाय," तो म्हणाला. "दोन वाट्या पानी घाल."

साळुबाई खूश झाली. उज्ज्वलानं पुलाव केला. दाणे तुपात वाळूसारखे पळाले, शिजून लांबसडक आणि सुटे झाले. सगळ्यांनी वाहवा केली. तिनं वडलांच्या ताटात वाढायला डाव पुढं केला, तर त्यानं ताटावर हात आडवा धरला.

"मला नको पोरी," तो म्हणाला. "भाकरी असली तर दे."