वानराची मूठमाती

आईबाप गेल्यावर विजयमालाला आणि धाकट्या शिवराजला ईश्वरप्पामामानंच वाढवलं. मामा म्हणेल ती पूर्व दिशा! म्हणून तो अक्कलकोटकडची पंधरा माणसं घेऊन दोडामार्गाच्या काजूबागेत मुकादम म्हणून निघाला, तेव्हा ही भावंडंही टेम्पोत चढून बसली.

फेब्रुवारीत बागेच्या कडेला, रानालगत, एक वानर मेलेलं दिसलं. आरोग्य केंद्राच्या आशाताई आधीच बजावून गेल्या होत्या, मेल्या माकडाच्या अंगावरची गोचिडं खाली उतरतात, ती चावली की माकडताप येतो. जवळ जाऊ नका, आधी कळवा. विजयमालानं मामाला आठवण केली.

"कळवलंय की मी," मामा म्हणाला. "भ्यायचं कारण न्हाय म्हणाले. मारुतीरायाला असं कुजत ठिवतात व्हय? मूठमाती द्या."

शिवराजनं वानर दोन्ही हातांनी उचललं. गुलाल वाहिला, नारळ फोडला. मामा लांब बांधावर पायाला तेल चोळत बसला होता. गुडघा धरलाय म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून तिथलाच पाचोळा झाडत माणसं काजू वेचायला लागली.

आठवड्याच्या आत शिवराज तापानं फणफणला, डोळे लालबुंद, डोकं फुटतंय म्हणून कण्हायला लागला. मामानं भावंडांना सोलापूरच्या गाडीत बसवलं. "रानाचं नाव काढू नगंस. बाग बंद पडली की सगळ्यांच्या पोटावर पाय."

सोलापूरच्या दवाखान्यात शिवराजच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. डेंग्यूच्या तपासणीत काही निघालं नाही. डॉक्टर अंकिता वैतागल्या. "कुठं होता हा? लपवू नका, बाई. या घडीला एकेक तास महत्त्वाचा आहे."

विजयमालाला मामाची ताकीद आठवली. मग तिनं भावाच्या ओठांवरचं रक्त पुसलं आणि सगळं सांगून टाकलं.

डॉक्टरांनी तिकडच्या आरोग्य केंद्राला फोन लावला. तो ठेवून त्या विजयमालाकडं वळल्या. "त्या बागेतून वानराची खबर कुणीच दिली नाही. दिली असती तर माणसं हटवून पावडर मारली असती. अन् गोचीड चावू नये म्हणून हातापायाला लावायचं तेल? सगळ्यांसाठीच्या बाटल्या मुकादमाकडं दिल्या होत्या म्हणे."

तेल! मामा बांधावर बसून पायाला चोळत होता ते! अगं बाई, म्हणजे मामाला सगळं ठाऊक होतं. ठाऊक असून त्यानं पोटच्या पोरासारख्या भाच्याच्या हातात ते वानर दिलं. तिला इतका संताप आला की रडायलाही येईना.

तेवढ्यात मामाचाच फोन आला. "पोराचं कसं हाय गं?"

"तेल शिल्लक हाय का, मामा? असंल तर तितल्या बायकांना द्या. केंद्राची माणसं निघालीत तिकडं. कळवलंय की मी."

पलीकडून फोन बंद झाला. खाटेवर शिवराजनं डोळे किलकिले केले. "मामा व्हता न्हवं? कवा येतोय म्हणाला?"