हजेरीपुरतं कीर्तन

"कुणीतरी मुद्दाम दाबलंय!" भाऊसाहेबांनी मोबाइल टीपॉयवर आपटलाच. दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये नातीच्या, तेजश्रीच्या, हातातला चहा हिंदकळला.

राग साधा नव्हता. कीर्तनकार इंदुमतीताईंचं मराठी मंडळातलं कीर्तन त्यांनी यूट्यूब चॅनलवर टाकलं, पहिल्या तासात तीनशे व्ह्यूज, आणि मग तीन दिवस आकडा जागचा हलेना. रविवारी मंडळाची सभा. अध्यक्ष संग्रामरावांनी सांगूनच टाकलं होतं, "कीर्तन कोण बघतं हो आता? गणपतीत या वेळी ऑर्केस्ट्रा ठेवू." कीर्तनाची संध्याकाळ वाचवायची तर माणसं बघतात हे दाखवायला हवं होतं.

"आजोबा, कोणी दाबलेलं नाही," तेजश्री चॅनलचा आलेख उघडत म्हणाली. "यूट्यूबवाले व्हिडिओ आधी थोड्याच लोकांना दाखवतात. ते थांबले तर आणखी थोड्यांना. उठून गेले, तर पुढं दाखवणं बंद. तुमचे पहिले लोक म्हणजे आपलंच मंडळ, सगळे सबस्क्रायबर. बघा, बावन्न मिनिटांचं कीर्तन, लोक सरासरी सव्वीस सेकंद थांबलेत."

आलेखाची रेघ डोंगरकड्यासारखी कोसळलेली. मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मात्र नमस्कारांच्या हातांची रांग! उघडलं, हात जोडले, बंद केलं. मंडळात प्रत्यक्ष ऐकलेलं होतं ना!

"लबाड आहेत सगळे! ताई तिथे घसा फोडून गातायत, आणि हे देवळात चप्पल न काढता डोकावून जातात. कुसुमावतीबाईंनी तर 'डोळे भरून आले' लिहिलंय. सव्वीस सेकंदांत?"

"आणि तुम्ही किती पाहिलंत?"

भाऊसाहेबांनीही आवाज येतोय ना, एवढंच पाहून ठेवून दिलं होतं.

"शिवाय पहिली चार मिनिटं तबला लावणंच चाललंय," तेजश्री हळूच म्हणाली.

संध्याकाळी त्यांनी तेजश्रीकडून उत्तररंगातलं, म्हणजे कीर्तनाच्या दुसऱ्या भागातलं, आख्यान तेवढं कापवून घेतलं, ताईंच्या खणखणीत पहिल्या ओळीपासून, चौदा मिनिटांचं. ते टाकताना ग्रुपवर लिहिलं, "बसून ऐकायचं असेल त्यानेच उघडावं. हजेरी लावायला येऊ नये."

पहिल्या तासात एकेचाळीस व्ह्यूज.

"वा, भाऊसाहेब, एकेचाळीस!" संग्रामरावांनी फोनवर टोमणा मारला.

"एकेचाळीस बसलेत, साहेब. उठलेले नाहीत."

दुसऱ्या दिवशी आकडा दोनशेवर गेला, तिसऱ्या दिवशी अकराशेवर. मंडळात नव्हती अशी माणसं त्यात बरीच.

रविवारी सभेत संग्रामरावांनी ऑर्केस्ट्राच्या ठरावाचा कागद काढला. भाऊसाहेबांनी आपला मोबाइल त्यांच्यापुढे ठेवला. "आधी हे ऐका. पूर्ण. मध्येच हात जोडलेत, तर मी सभा सोडून जाईन."

चौदा मिनिटं कुणी खोकलंसुद्धा नाही. संग्रामरावांनी कागदाची घडी घातली आणि विचारलं, "ताईंना तारीख कुठली चालेल?"