हातगुण

मला हातगुण आहे, असं आमच्या हॉस्पिटलात सगळे म्हणायचे. मी टोचलेली सुई दुखत नाही, आणि मी "बरं वाटेल हं" म्हटलं की माणसाला तिथल्या तिथे बरं वाटायला लागतं. तीस वर्षं नर्सचं काम करतेय. कुणी असं म्हटलं की मी तोंडदेखलं "काहीतरीच काय" म्हणायचे आणि आतून फुलून यायचे. त्या फुलण्यापायीच सगळा घात झाला, म्हणून ते आधीच सांगून टाकते.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे एका नव्या औषधाची चाचणी आली. मधुमेहाने पायांच्या नसा खराब होतात, तळवे रात्रंदिवस जळतात, त्यावरचं औषध. निम्म्या रुग्णांना खरी कॅप्सूल आणि निम्म्यांना कोरी, म्हणजे दिसायला तीच पण आत नुसती भुकटी. कुणाला कोणती मिळतेय ते रुग्णाला ठाऊक नाही, मला नाही, मोठ्या डॉक्टरांनाही नाही. रुग्णांनी बारा आठवडे रोज वहीत वेदनेचा आकडा लिहायचा, शून्य ते दहा. दर पंधरवड्याला माझ्याकडे यायचं. माझी खोली तळमजल्यावर, एक्स-रेच्या शेजारी. एक टेबल, तीन खुर्च्या, वजनकाटा आणि कधीच नीट न लागणारी खिडकी.

मोठ्या डॉक्टरांना मी एक गोष्ट सांगितली नव्हती. माझी ताई हेच औषध घेत होती.

ती दुसऱ्या हॉस्पिटलात, आधीच्या छोट्या चाचणीत होती. ती चाचणी संपल्यावर तिथल्या सगळ्यांना खरं औषध उघडपणे चालू ठेवलं होतं. त्याआधी चार वर्षं ताई घरात अनवाणीसुद्धा चालू शकत नव्हती. चार औषधं करून झाली. एकाने झोप यायची, एकाने तोल जायचा, आग कशानेच जायची नाही. पोस्टातलं खिडकीवरचं काम तिने सोडून दिलं होतं. आणि हे औषध सुरू झाल्यावर ती बूट घालून, स्वतःच्या पायांनी चालत, पुन्हा त्या खिडकीशी जाऊन बसली. मी हे डोळ्यांनी पाहिलं होतं. मग औषधाबद्दल माझं मत काय असणार? ते चालतं, हे मला पाठ होतं.

चाचणीत मला एक कार्ड दिलं होतं. प्रत्येक भेटीला ते जसंच्या तसं वाचायचं: हे औषध चालतं की नाही ते आम्हाला माहीत नाही. तुम्हाला कदाचित कोरी कॅप्सूल मिळत असेल. आम्हाला खूश करण्यासाठी आकडा कमी किंवा जास्त लिहू नका.

पहिली रुग्ण एक निवृत्त मुख्याध्यापिका. तिला मी कार्ड सरकारी आवाजात वाचून दाखवलं. मग दुष्परिणामांची यादी वाचली, चक्कर, मळमळ, तोंडाला कोरड, डोकेदुखी. शाळेत तपासणीला आल्यासारखी ती एकेक शब्द टिपून घेत होती. तिसऱ्या दिवशी तिचा फोन. चक्कर येतेय, मळमळतंय, जेवण जात नाही. पाचव्या दिवशी तिने चाचणी सोडली. जाताना म्हणाली, "तुम्हालाच जर खात्री नाही, तर मी कशाला जीव धोक्यात घालू?"

मला वाईट वाटलं. त्याहून खरं म्हणजे, अपमान झाल्यासारखं वाटलं. माझ्या हातून रुग्ण आजारी पडून निघून गेला.

त्या दिवसापासून कार्ड टेबलाच्या खणात गेलं. दुष्परिणामांची यादी वाचणं सक्तीचं होतं, ती वाचायचे, पण वाचता वाचता म्हणायचे, "हे सगळं छापावं लागतं हो, घाबरू नका." आणि मग खुर्ची जवळ ओढून बसायचे. शिंपीकाका होते, त्यांना मशीनचं पायडल दाबवत नव्हतं. मी त्यांचं तासभर ऐकून घेतलं. घरात कुणी पाच मिनिटं ऐकत नव्हतं. निघताना म्हटलं, "काका, एक माणूस मी ह्या औषधाने बूट घालून चालताना पाहिलाय. तुम्ही बघाच." पुढच्या खेपेला त्यांच्या वहीतला आठाचा चार झाला होता. ते दोन्ही हात जोडून म्हणाले, "तीन वर्षांनी सलग झोपलो."

असे एकसष्ट आले. मुख्याध्यापिकेनंतर माझ्या खोलीतून एकही चाचणी सोडून गेला नाही. बाकीच्या केंद्रांत जागा भरताना नाकी नऊ येत होते आणि माझ्या दाराबाहेर बाकावर माणसं मावत नव्हती. कंपनीने मला एक काचेची ढाल दिली. मोठे डॉक्टर सगळ्यांदेखत म्हणाले, "हिच्याकडे नुसतं बसलं तरी माणूस बरा होतो." आम्ही सगळे हसलो. चाचणीच्या कामात ह्यासारखी भयंकर गोष्ट दुसरी नाही, हे तेव्हा हसणाऱ्यांपैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही.

निकाल लागला तेव्हा संख्याशास्त्राची बाई आली. तरुण, शांत, पाण्याचा घोटही मोजून घेणारी. तिने माझ्यापुढे एक कागद ठेवला.

"बाकीच्या केंद्रांत औषधवाल्यांची वेदना सरासरी अडीच आकड्यांनी उतरली," ती म्हणाली. "कोऱ्या कॅप्सूलवाल्यांची पावणेदोन. फरक थोडा आहे, पण आहे."

"आणि माझ्याकडे?"

"औषधवाल्यांची साडेतीन. कोऱ्यावाल्यांची साडेतीन."

मला आधी आनंदच झाला, इतकी मी मूर्ख. साडेतीन म्हणजे सगळ्यांत जास्त. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"थोडी वेदना सगळीकडे आपोआप उतरते," ती म्हणाली. "माणूस येतो तोच त्रास वाढलेला असताना. म्हणून तर कोरी कॅप्सूल ठेवायची. तिच्यापेक्षा औषधाने जास्त काय केलं, तेवढंच औषधाचं. तुमच्याकडे आशेनेच सगळं काम केलं. काहींना खरंच कमी दुखलं, काहींनी तुमचं मन राखायला आकडा कमी लिहिला. कोणाचं काय, ते आता वेगळं करता येत नाही. औषधाला दाखवायला जागाच उरली नाही."

"शिंपीकाका?"

तिने यादीत बोट फिरवलं. "कोरी."

"आणि मुख्याध्यापिका?"

"त्याही कोरीवरच होत्या."

म्हणजे तिची चक्कर मी वाचली होती, आणि काकांची झोप मी बोलले होते. खिडकीतून वारा येत होता आणि तो कागद उडू नये म्हणून मी त्यावर मनगट ठेवून बसले होते.

"मग आमचं केंद्र वगळा," मी म्हटलं. "चूक माझी आहे, मी लिहून देते. कार्ड वाचलं नाही. बाकीच्यांचं धरा."

"लिहून द्याच. पण निकाल पाहिल्यावर नको ते केंद्र वगळता येत नाही. तसं करायचं म्हटलं, तर कुठलंही फुसकं औषध पास करता येईल." ती थांबली. "आणि तुम्हाला वगळून जो फरक दिसतो, तोही नशिबाचा असू शकतो. दोनशे चाळीसमधले बासष्ट तुमचे होते. सगळं मिळून निकाल पास होण्याच्या रेषेच्या जरासा अलीकडे राहिला. औषध चालतं की नाही, हे ह्या चाचणीतून कळत नाही."

"पुन्हा करा मग."

"कंपनीने औषध बंद केलंय."

मी सगळं लिहून दिलं, ताईचंही. मोठे डॉक्टर ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही रुग्णांशी वाईट वागला असता तर आपण वाचलो असतो."

ताईकडे मी रविवारी गेले. तिला हॉस्पिटलचं पत्र आधीच पोचलं होतं: औषध कोऱ्या कॅप्सूलपेक्षा सरस असल्याचं सिद्ध झालं नाही, सहा आठवड्यांचा साठा देत आहोत, त्यानंतर पुरवठा होणार नाही. ती पलंगावर होती. बूट दाराशी नव्हते.

"पत्र आलं त्या दिवशी संध्याकाळपासून," ती म्हणाली. "आधी मुंग्या आल्या. आता पहिल्यासारखं."

"गोळ्या थांबवल्यास?"

"नाही गं. रोज दोन्ही वेळा घेते."

मी उशाजवळची पाकिटं पाहिली. एकही चुकली नव्हती. तीच कॅप्सूल, तोच रंग, तेवढीच मात्रा.

मग मी तिला सगळं सांगितलं. कार्ड, काका, साडेतीन आणि साडेतीन. आणि समजावत राहिले, "ताई, औषध खोटं ठरलेलं नाही. मी चाचणी नासवली. उलट, आशा सुटली की खरं औषधसुद्धा ढेपाळतं, हे तपासून पाहिलेलं आहे. तुझं आत्ताचं दुखणं म्हणजे औषध फुसकं होतं असा पुरावा नाही. ही तीच कॅप्सूल आहे."

"मला कळतंय," ताई म्हणाली. "माझ्या पायांना सांग."

मी तिच्याकडून शिव्यांची वाट पाहत होते. तिने डोळे मिटले आणि म्हणाली, "त्यांना कसं सांगायचीस? त्या शिंप्याला. तसं मला सांग."

मी खुर्ची जवळ ओढली. तिचा हात हातात घेतला. तीस वर्षांत हजारदा बोललेली वाक्यं, तोच आवाज, तीच गती. म्हटलं, बरं वाटेल हं ताई, अजून सहा आठवडे आहेत, तू बघच. ती मन लावून ऐकत होती. माझ्या बोलण्यावर विश्वास बसावा असं तिला मनापासून वाटत होतं, हे मला तिच्या बोटांवरून कळत होतं.

मी थांबले तेव्हा तिने डोळे उघडले.

"छान बोलतेस," ती म्हणाली. "पण तू काय करते आहेस ते आता मला दिसतं."

मग म्हणाली, ही पाकिटं घेऊन जा, उशाशी असली की मी प्रत्येक वेळी बरं वाटायची वाट बघते. मी नको म्हटलं. ती म्हणाली, घेऊन जा. मी सहा आठवड्यांचं औषध पिशवीत भरलं. त्यात खरंच गुण होता की नव्हता, ते मला माहीत नाही, ताईला माहीत नाही, आणि आता ते कुणी शोधणारही नाही.