दाराला बाहेरून कुलूप

माझा नवरा सोमलिंग टॉवेलच्या कारखान्यात कायमच्या रात्रपाळीला आहे. म्हणजे भवानी पेठेतल्या आमच्या गल्लीच्या मते तो दिवसभर रिकामा. कुणाची गॅसची टाकी उचलायची असो की कुणाच्या सासूला दवाखान्यात न्यायचं असो, आमचीच कडी वाजायची. वर भरदुपारी विचारणार, अजून झोपलाय होय? मंगळवेढ्याची त्याची केराबाई आत्या तर मुद्दाम दुपारच्या एसटीनं यायची, कारण रात्री बिचारा घरी नसतो. केवढी ती समज!

शेजारच्या यंत्रमागांच्या खडखडाटानं तो कधी उठला नाही. उठवायची ती माणसं. तुटक झोपेनं तो चिडका झाला. एकदा आमची लेक राजनंदिनी मोठ्यानं हसली म्हणून तिच्यावर ओरडला आणि मग स्वतःच रडत बसला. त्या दिवशी मी घाबरले.

मग मी अक्कल चालवली. खिडकीला जाड चादर लावली, फोन बंद ठेवला आणि शाळेत खिचडी शिजवायला जाताना दाराला बाहेरून कुलूप घातलं. मागच्या दाराची कडी आतून होतीच, त्याला हवं तर तिथून निघता यायचं. कुलूप दिसलं की गल्ली परत फिरायची. सोमलिंग सलग झोपायला लागला, त्याची चिडचिड गेली. मी एवढी खूश, की कुलूप संध्याकाळपर्यंत आणि सुट्टीच्या दिवशीही तसंच ठेवलं. शाळेतून आले की मागची कडी काढायची आणि पुढं पुन्हा कुलूप लावायची. राजनंदिनीलाही मागच्या दारानं, पाय न वाजवता यायची ताकीद दिली.

चिडचिडीपाठोपाठ बोलणंही गेलं. उठायचा, भिंतीकडे बघत बसायचा, डबा उचलून निघायचा. डबाही धड संपत नव्हता. शेवटी त्याला डॉक्टरबाईंकडे नेलं आणि आधी माझ्या कुलपाची फुशारकी मारून घेतली. बाईंनी झोप सांभाळल्याबद्दल मला शाबासकी दिली. मग त्याला विचारलं, कामाव्यतिरिक्त शेवटच्या गप्पा कुणाशी मारल्या?

तो बोटांवर दिवस मोजायला लागला.

"आत्या आली हुती," तो म्हणाला. "एसटीला उशीर झाला असंल, सांजच्याला आली. तू बाजारात हुतीस, मी जागाच हुतो. कुलूप बघून माघारी गेली. हाक ऐकली की मी."

"मग मागल्या दारानं जाऊन तिला बोलवायचं की," मी म्हणाले.

"वाटलं, आता कुणालाच मी नको हाय."

मला ते फार लागलं. माझ्या हुशारीला तिथंच कुलूप बसलं.

बाई म्हणाल्या, झोप आहे तशीच राखा, पण जागेपणी त्याला माणसं हवीत. कामावर जाण्याआधी रोज सगळे एकत्र जेवा. तरीही मनानं उभारी धरली नाही तर लगेच परत या.

आता तो उठला की कुलूप निघतं. आत्याला मी स्वतः निरोप धाडला, पुढच्या वेळी संध्याकाळच्या एसटीनं या. ती आली आणि दारातच कुरकुरली, या घराची वेळ काही कळत नाही बाई.

आतून सोमलिंगचा आवाज आला, "ये की आत्या. जागा हाय मी."

ती तासभर माझीच निंदा करत बसली. तो हसत होता, म्हणून मी तिच्यासाठी आणखी एक चहा टाकला.